फोर-के मॉनिटर ३० हर्ट्झवरच अडकलाय, तिसरी केबल झाली. मदत हवी आहे

अनघा_वारजे | शुक्रवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आली म्हणून धागा काढतेय.

माझं काम घरून चालतं, दिवसभर एक्सेल आणि पीडीएफ. ऑफिसच्या लॅपटॉपचा चौदा इंची पडदा पुरेना म्हणून गेल्या महिन्यात स्वतःच्या पैशाने २७ इंची फोर-के मॉनिटर घेतला. अक्षरं सुरेख दिसतात, पण माउस हलवला की बाण मागून फरपटत येतो आणि शीट वर-खाली केली की आकडे गचके खातात. सेटिंगमध्ये पाहिलं तर ३० हर्ट्झ. यादी उघडली तर ६० चा पर्यायच नाही. रिझोल्यूशन 2560 x 1440 केलं की मात्र ६० दिसतं, पण मग फोर-के घेऊन काय केलं?

आतापर्यंतची कहाणी अशी. मॉनिटरसोबत आलेली एचडीएमआय लावली, ३०. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने सांगितलं, "ताई, केबल जुन्या टाइपची आहे, ही एट-के वाली न्या, जीव ओतून चालते." ९०० रुपये. घरी आणून लावली, ३०. मॉनिटरला टाइप-सी पण आहे, म्हणून परवा १४०० ची दोन मीटरची टाइप-सी केबल आणली. एका केबलवर चित्र येतं, लॅपटॉप चार्ज होतो, मॉनिटरला लावलेला कीबोर्डही चालतो. आणि पुन्हा ३०!

वेगळी वायर, वेगळं भोक, तरी आकडा तोच कसा येतो? ऑफिसच्या आयटीवाल्यांनी "ड्रायव्हर लेटेस्ट आहे" म्हणून तिकीट बंद केलं. आता चौथी केबल घेऊ, की टाइप-सीचा हब घेऊ, की मॉनिटर परत करू? परत करायला आठच दिवस उरलेत.

भारी_भरकम | रात्री १०:३१

मॉनिटर परत करू नका. हा शंभर टक्के केबलचा घोळ आहे. बाजारातल्या "एट-के" लिहिलेल्या निम्म्या केबल नुसत्या छापलेल्या असतात. खरी केबल असेल तर खोक्यावर Ultra High Speed HDMI Cable असं लेबल आणि स्कॅन करायचा क्यूआर कोड असतो. ती ४८ गिगाबिटची. तशी घ्या, ६० काय, १२० पण मिळेल.

रोहन_१६५ | रात्री १०:४०

सेम प्रॉब्लेम ताई!! माझा २७ इंची १४४०पी आहे, खोक्यावर १६५ हर्ट्झ लिहिलंय आणि यादीत १४४ च्या वर काही नाही. दोन केबल बदलल्या. ग्राफिक कार्डवाला पीसी आहे. कुणीतरी माझंही बघा.

सोल्डरिंग_काका | रात्री ११:०५

अनघाताई, चौथी केबल घेऊ नका. हबही नको, त्याचं नंतर सांगतो. आधी चार गोष्टी कळवा.

लॅपटॉपचा प्रोसेसर नेमका कोणता? मॉनिटरला कीबोर्डशिवाय आणखी काय जोडलंय? घरात दुसरा, जरा नवा लॅपटॉप असेल तर तो याच टाइप-सी केबलवर लावला की काय होतं? आणि विंडोजमध्ये Settings, System, Display, Advanced display इथे जाऊन Active signal mode समोर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

रोहन, तुझं सोपं आहे. तुझ्या मॉनिटरचं एचडीएमआय २.० वालं दिसतंय. त्यात १४४०पी चं १४४ कसंबसं बसतं, १६५ बसत नाही. कार्डाला आणि मॉनिटरला, दोन्हीकडे डिस्प्लेपोर्ट असणार. ती केबल लाव आणि झोप.

अनघा_वारजे | शनिवार, सकाळी ९:२०

काका, घ्या. प्रोसेसर i5-8250U. मॉनिटरच्या मागे कीबोर्ड, माउस आणि बॅकअपची पोर्टेबल हार्डडिस्क. विंडोजमध्ये हे लिहिलंय:

```
Desktop mode        3840 × 2160, 29.98 Hz
Active signal mode  3840 × 2160, 29.98 Hz
```

काल रात्री भाऊ जेवायला आला होता, त्याचा लॅपटॉप दोन वर्षांपूर्वीचा. हीच टाइप-सी केबल, हाच मॉनिटर, कशाला हात लावला नाही, आणि सरळ ६० हर्ट्झ! मग ९०० वाली एचडीएमआय लावली, तरीही ६०. खोक्यातली लावली, तरीही ६०. म्हणजे माझा लॅपटॉपच भंगार का?

रोहन_१६५ | सकाळी ९:४८

काका, १६५ आलं!! डिस्प्लेपोर्टची केबल खोक्यातच होती, पिशवी न फोडता पडली होती 🙏

सोल्डरिंग_काका | सकाळी १०:३०

भंगार नाही, वयस्कर आहे. तुमच्या भावाच्या जेवणाने निम्मं काम झालं. केबल तिन्ही सुटल्या, मॉनिटर सुटला. आता दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हीचं उत्तर योगायोगाने ३० येतंय, म्हणून तुम्ही चक्रावलात.

आधी लागतं किती ते बघू. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार केला की १२ गिगाबिटच्या जवळ जातो. प्रत्येक चित्राभोवती थोडी रिकामी जागाही पाठवावी लागते, ती धरून १२.८. तीसला साधारण निम्मं, साडेसहा-सात. तुमच्या 2560 x 1440 ला ६० हर्ट्झवर सहाच्या आत.

आता एचडीएमआय. तुमच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरमधून निघणारं एचडीएमआय १.४ चं. कागदावर १०.२ गिगाबिट, पण प्रत्येक आठ बिटांसाठी तारेवर दहा पाठवावे लागतात, त्यामुळे चित्राच्या वाट्याला ८.१६ येतात. दहा डब्यांची गाडी, प्रवासी आठच डब्यांत. १२.८ त्यात बसत नाही, तीसचं बसतं, १४४०पी चं ६० बसतं. तुमच्या यादीत नेमकं तेच दिसतंय. काही कंपन्या लॅपटॉपच्या बोर्डावर वेगळी चिप टाकून एचडीएमआय २.० देतात, तुमच्यात ती दिसत नाही. इथे सोन्याची केबल लावली तरी काही फरक पडणार नाही. भारी_भरकम म्हणतात ते लेबल खरं आहे, बाजारात बनावट केबल असतात हेही खरं. पण पोर्टच जर जुनं असेल तर ४८ गिगाबिटची केबल म्हणजे चाळीतल्या नळाला चार इंची पाइप.

आता टाइप-सी, ही खरी गंमत. त्या केबलमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. चारही चित्राला दिल्या तर मॉनिटरच्या मागची यूएसबी पोर्टं हळू पडतात. म्हणून बरेच मॉनिटर कारखान्यातून निघतानाच असे सेट केलेले असतात की दोन जोड्या चित्राला आणि दोन यूएसबी ३ ला, एक जायला, एक यायला. सातारा रोडवर बीआरटी आली तेव्हा जे झालं तेच. रस्ता तेवढाच, पण तुमच्या गाडीला निम्माच.

तुमचा लॅपटॉप एका जोडीवर ५.४ गिगाबिट पाठवू शकतो. दोन जोड्यांचे १०.८, त्यातून पुन्हा दोन दशांश वजा, हातात ८.६४. परत १२.८ बसत नाही, परत ३०. भावाचा नवा लॅपटॉप जोडीमागे ८.१ पाठवतो. त्याच्या दोन जोड्यांतून १२.९६ येतात आणि तुम्हाला हवेत १२.८. अगदी पायरीवर उभं राहून का होईना, पण गाडीत चढला.

तेव्हा मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेनू उघडा. टाइप-सी किंवा यूएसबी नावाच्या भागात एक पर्याय शोधा. कुठे USB-C Prioritization खाली High Data Speed आणि High Resolution असं असतं, कुठे सरळ USB 3.0 आणि USB 2.0. दुसरा निवडा. चारही जोड्या चित्राला मिळतील, १७.२८ हातात, ६० आरामात. कीबोर्ड-माउस बंद पडणार नाहीत, त्यांचं यूएसबी २ वेगळ्या तारांवरून जातं. चार्जिंगही वेगळ्या तारांवर. मार खाईल ती हार्डडिस्क.

हा पर्याय सगळ्या मॉनिटरमध्ये नसतो. तुमच्यात नसेल तर कळवा, मग टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी साधी केबल लावायची. ती चारही जोड्या चित्रालाच देते, पण तिच्यातून यूएसबी जात नाही, म्हणून चार्जर वेगळा आणि कीबोर्ड, माउस, डिस्क थेट लॅपटॉपला लावावी लागतील.

हबचं: स्वस्त हबवर मोठ्या अक्षरांत "4K" आणि बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत "30Hz" असतं. आत एचडीएमआय १.४ ची चिप. चौथ्यांदा तीस बघायला पैसे घालवू नका.

वैद्य_आजोबा | सकाळी ११:१५

चर्चा वाचली. आमच्याकडेही हाच त्रास आहे असे वाटते. हॉलमध्ये नवीन फोर-के टीव्ही घेतला, भिंतीतून पाइप टाकून दहा मीटरची एचडीएमआय केबल खालच्या कपाटातल्या प्लेअरपर्यंत नेली. चित्र उत्तम येते, पण मधूनच दोन-तीन सेकंद पडदा काळा होतो आणि परत येतो. कधी काळ्या भागात पांढरे ठिपके चमकतात. आमच्या टीव्हीच्या मेनूमध्ये असा पर्याय सापडेना.

सोल्डरिंग_काका | सकाळी ११:४०

आजोबा, तुमचं उलट आहे. अनघाताईंच्या यादीत ६० दिसतच नाही, चित्र मात्र स्थिर. तुमच्याकडे पर्याय मिळालाय, पण चित्र पडतंय. ठिपके चमकणं आणि पडदा काळा होऊन परत येणं ही केबल दमल्याची खूण. दहा मीटर तांब्याच्या तारेवर फोर-केचं ६० नेणं अवघड आहे. प्लेअर टीव्हीजवळ आणून छोट्या केबलवर एक संध्याकाळ बघा. तेव्हा थांबलं तर भिंतीतली केबल बदलायची, इतक्या लांबीला ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, कुठलं टोक टीव्हीकडे ते वाचून मगच पाइपात ओढा. उलटी ओढून परत काढलेली मी पाहिलीय.

एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: यादीत पर्याय नसेल तर पोर्टं तपासा, पर्याय असून चित्र पडत असेल तर केबल तपासा.

लिनक्स_लिंबू | दुपारी १:०२

काका, शेवटचं वाक्य एचडीएमआयला ठीक आहे, तेही २.० पर्यंत. तिथे यंत्र मॉनिटरला विचारतं "तुला काय काय चालतं" आणि यादी बनवतं, मधल्या केबलला कुणी विचारत नाही. डिस्प्लेपोर्टचं तसं नाही, आणि टाइप-सीवरून येणारं चित्र डिस्प्लेपोर्टचंच असतं. तिथे जोडणी होताना दोन्ही टोकं आधी तारा चाचपून बघतात. पूर्ण वेगात नीट ऐकू आलं नाही तर गुपचूप खालच्या वेगावर उतरतात. मग पर्याय यादीतूनच गायब होतो आणि कारण मात्र केबल असते. ठिपके नाहीत, काळा पडदा नाही, काहीच नाही.

म्हणजे टाइप-सीवर "पर्याय नाही म्हणजे केबल निर्दोष" हे म्हणता येत नाही. इथे भावाचा लॅपटॉप त्याच केबलवर चालला म्हणून केबल सुटली, यादीवरून नाही.

सोल्डरिंग_काका | दुपारी १:२०

मान्य. घाईत सरसकट बोललो.

भारी_भरकम | दुपारी १:३५

म्हणजे मी पण अर्धा बरोबर होतो 😄

अनघा_वारजे | शनिवार, रात्री ८:५०

काका!!! झालं!

मेनू शोधायलाच वीस मिनिटं गेली. मागच्या बाजूला बोटाने चाचपडत दाबायची ती काडी, दर वेळी ब्राइटनेसच कमी व्हायचा. शेवटी "Others" नावाच्या अडगळीत USB-C Prioritization सापडलं. High Resolution केलं, पडदा काळा झाला, पोटात गोळा आला, लॅपटॉपचा तो टुंग-टुंग आवाज दोनदा आला आणि चित्र परतलं. Advanced display मध्ये यादी उघडली तर 59.98 Hz बसलेलं. बाण आता हाताबरोबर फिरतोय. महिनाभर मी मनगटाला दोष देत होते.

हार्डडिस्कने मार खाल्ला हेही खरं. बॅकअप आधी सेकंदाला शंभरच्या वर एमबी जायचा, आता ३६-३७. रोजचे ४० जीबी सहा मिनिटांत व्हायचे, आज अठरा लागले. डिस्क काढून लॅपटॉपच्या डाव्या भोकात लावली, परत पहिल्यासारखी. एक वायर जास्त लोंबकळते, चालेल.

९०० वाली केबल परत द्यायला गेले होते. "फोडलेला माल परत नाही" अशी पाटी दाखवली. पाटी पुण्यातली, वाद कोण घालणार.

रोहन_१६५ | रात्री ९:०५

ती ९०० वाली मला द्या ताई, भावाच्या प्लेस्टेशनला लावतो 😅 कोथरूडहून येतो घ्यायला.

अनघा_वारजे | गुरुवार, रात्री १०:२५

परत आलेय, धागा वर काढते. चार दिवस ६० मस्त चाललं. पण काल आणि आज, दोन्ही दिवशी जेवून आल्यावर लॅपटॉप झोपेतून उठवला तर पुन्हा ३०. मेनूत बघितलं, High Resolution तसंच आहे. टाइप-सी काढून परत खोचली की ६०. रोज नाही, पण दोनदा झालं. आता हे काय नवीन?

लिनक्स_लिंबू | रात्री १०:५०

ही मी म्हटलेली चाचपणी असावी. झोपेतून उठताना दोन्ही टोकं परत तारा तपासतात. त्या वेळी एक पायरी खाली उतरली तर जोडीमागे ५.४ चे २.७ होतात. चार जोड्या गुणिले २.७, वजा दोन दशांश, म्हणजे ८.६४. आकडा ओळखीचा वाटतोय ना? आधी दोन जोड्या पूर्ण वेगात होत्या, आता चार जोड्या निम्म्या वेगात. बेरीज तीच, म्हणून तिसऱ्यांदा तीस.

मला या वेळी केबलचाच संशय आहे. दोन मीटर म्हणजे अशा साध्या केबलची शेवटची मर्यादा.

सोल्डरिंग_काका | रात्री ११:१०

पण लिंबू, भावाचा लॅपटॉप याच दोन मीटरवर जोडीमागे ८.१ ने चालला. जी तार ८.१ पेलते ती ५.४ ला का अडखळेल? मला लॅपटॉपचं झोपेतून उठणं संशयास्पद वाटतं. ड्रायव्हर नाहीतर बायॉस.

लिनक्स_लिंबू | रात्री ११:१८

तो दोनच जोड्यांवर चालला होता. उरलेल्या दोन जोड्यांवर तेव्हा यूएसबी ३ होतं, त्या चित्रासाठी कधी तपासल्याच गेल्या नाहीत. एखादी जोडी कच्ची असेल तर आत्ताच दिसणार. शिवाय प्रत्येक लॅपटॉपच्या सिग्नलचा जोर वेगळा.

सोल्डरिंग_काका | रात्री ११:३०

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे तुझं, निदान शक्य आहे.

अनघाताई, मॉनिटरच्या खोक्यात टाइप-सी केबल आली होती का? बहुतेक एक मीटरची असते. ती लावून आठवडाभर वापरा. ३० परत आलं तर लॅपटॉप, नाही आलं तर तुमची १४०० वाली. आणि भाऊ आला की त्याचा लॅपटॉप मॉनिटर High Resolution वर असताना दोन मीटरवाल्या केबलने लावून, चार-पाच वेळा झोपवून उठवून बघा.

अनघा_वारजे | शुक्रवार, सकाळी ८:१५

आली होती, एक मीटरचीच. आखूड पडते म्हणून तर दोनची आणली. ती पोचायची तर टेबल भिंतीला लावावं लागेल आणि तिथे आईचं लोखंडी कपाट आहे. ते सरकवायला दोन माणसं लागतात. भाऊ रविवारी येतोय, दोन्ही कामं त्याच्याकडूनच करून घेते. मग कळवते.

वैद्य_आजोबा | सकाळी ९:००

आमचा प्लेअर टीव्हीपाशी आणून बघितला. दोन दिवस पडदा एकदाही काळा झाला नाही. आता भिंतीतली केबल ओढून काढायची, तर ती पाइपात कोपऱ्यावर अडकली आहे. वारजे किंवा कर्वेनगर भागात कुणी चांगला वायरमन माहीत आहे का?